बाळंतपणाची बॅग: आईचं, बाळाचं आणि सोबतच्या माणसाचं सामान वेगळं कसं करावं?

सांगलीचा_जावई | ८ जुलै, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बायकोचा पस्तिसावा आठवडा चालू आहे. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी, सांगलीला. मी पुण्यात नोकरीवर. डॉक्टरांनी या वेळी सांगितलं की छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत बॅग भरून दाराशी ठेवा. यादी करण्याचं काम माझ्याकडे आलंय, कारण "तुला एक्सेल येतं".

नेटवर याद्या पुष्कळ आहेत, पण एकीत सुगंधी मेणबत्ती आहे आणि दुसरीत बाळाला घरी नेताना घालायचा थ्री-पीस सूट. सोबतच्या माणसासाठी बहुतेक ठिकाणी "खाऊ आणि उशी" एवढंच लिहिलंय. सोबत सासूबाई असणार, मी पोचेपर्यंत तरी. सध्या सगळं एका मोठ्या ट्रॉली सुटकेसमध्ये भरायचा बेत आहे. नॉर्मल होईल असं डॉक्टर म्हणतात. हॉस्पिटल खाजगी आहे, २० खाटांचं.

कोणाच्या सामानात काय आणि किती हवं, हे अनुभवी लोकांनी सांगावं. पावसाळा आहे, हेही लक्षात घ्या.

खटपट्या | ८ जुलै, रात्री ११:५८

ट्रॉली अजिबात घेऊ नका. मी आमच्या वेळी ५५ लिटरची ट्रेकिंगची सॅक नेली होती, रेनकव्हरसकट. पाठीला लावली की दोन्ही हात मोकळे. बाजूच्या खिशात पाण्याची बाटली, वरच्या कप्प्यात मोबाईल. बजेट किती आहे ते सांगा, एक-दोन मॉडेल सुचवतो.

मृण्मयी_क | ९ जुलै, सकाळी ७:१५

खटपट्या, अहो ते बॅग कुठली घेऊ असं विचारत नाहीयेत, बॅगेत काय भरू असं विचारतायत :)

रात्रपाळी | ९ जुलै, दुपारी २:३०

जावईबापू, मी जिल्हा रुग्णालयाच्या प्रसूती वॉर्डात २६ वर्षं काढली, त्यातली निम्मी रात्रपाळीत. म्हणून यादीच्या आधी एक दृश्य सांगते.

रात्रीचे अडीच. सिस्टर लेबर रूमचं दार अर्धवट उघडून म्हणते, "बाळाचे कपडे द्या." बाहेर सासूबाई आणि एक सुटकेस. सुटकेस जमिनीवर आडवी, चेन उघडी, वर आईचे गाऊन, मधे लाडवाचा डबा, तळाशी कुठेतरी टोपडं. बॅग भरली पुण्याच्या जावयानं नाहीतर बाळंतिणीनं, आणि शोधतंय तिसरंच माणूस. हातात आधी काय सापडतं, तर पायमोजा. एकच. हे मी शेकडो वेळा पाहिलंय.

म्हणून तीन माणसांचे तीन कप्पे करायच्या आधी दोन छोट्या पिशव्या करा. सुटकेस वॉर्डात पडून राहील, या दोन पिशव्या दारातून आत जातील.

पहिली पिशवी बाळाची. साधी कापडी, वर मार्करनं "बाळ, पहिले कपडे" आणि आईचं नाव. आत मऊ सुती दुपटी तीन, झबलं एक, लंगोट दोन, टोपडं एक, पायमोजे एक जोड. बस. दुपटी तीन का, तर बाळ ओलं बाहेर येतं. पहिल्या दुपट्यानं पुसतो, ते ओलं होतं आणि बाजूला जातं. दुसऱ्यात गुंडाळतो. तिसरं हाताशी लागतंच. लोक एकच देतात, तेही सॅटिनचं, जे पाणी टिपतच नाही. टोपडं विसरू नका, ओल्या डोक्यातून बाळ सगळ्यात लवकर गार पडतं.

दुसरी आईची. मोठ्या आकाराचे पॅड सहा, निकर दोन, पुढून उघडणारा गाऊन एक, पायमोजे आणि स्लिपर.

तिसरी वस्तू फाईल, ती सोबतच्या माणसाच्या हातात. सुटकेसमध्ये नाही, हातात. त्याबद्दल संध्याकाळी लिहिते.

आज्जीचा_बटवा | ९ जुलै, दुपारी ४:०५

छान सांगितलंत. माझी भर घालते. बाळाला पहिलं झबलं नवं घालू नये, जुनंच घालावं. मी माझ्या लेकाची झबली-टोपडी तीस वर्षं ट्रंकेत जपून ठेवली आहेत, डांबराच्या गोळ्या घालून, एकालाही कसर लागलेली नाही. मागच्या वर्षी नातवाला तीच घातली.

शिवाय एक दुधाची बाटली आणि पावडरीचा डबा बॅगेत असू द्यावा. पहिले दोन-तीन दिवस दूध उतरत नाही, बाळ रडून हैराण होतं. आणि मधाची छोटी बाटली, चाटवायला.

रात्रपाळी | ९ जुलै, रात्री ९:२०

काकू, जुनं झबलं हवं हे तुमचं अगदी खरं. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड, त्याला नव्याची खळ नसते आणि शिवण टोचत नाही. दुकानातलं नवं घेतलं तरी दोनदा धुऊन उन्हात वाळवूनच पिशवीत जावं.

पण डांबरगोळीचं मात्र थांबा. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचा एक घटक जन्मतः कमी असतो. बघून कळत नाही, घरातही कोणाला माहीत नसतं. मुलग्यांमध्ये जास्त आढळतं. अशा बाळाला डांबरगोळीतलं नॅप्थलीन कपड्यातून लागलं की तांबड्या पेशी फुटायला लागतात आणि कावीळ झपाट्यानं चढते. अंगाला तेल चोळून वर ते झबलं घातलं तर कातडीतून आणखी शोषलं जातं. पहिल्या चोवीस तासांत बाळ पिवळं दिसलं तर ती "नेहमीची कावीळ" समजू नका, लगेच दाखवा. पुढेही, गोळीच्या वासाचे कपडे घातल्यावर बाळ पिवळं किंवा फिकट पडलं, लघवी काळपट झाली, तर डॉक्टरांना कपड्यांचंही सांगा. ते आपण होऊन विचारतीलच असं नाही.

मध नकोच, वर्षाच्या आतल्या बाळाला कधीच नको. त्यातल्या जंतूंनी बाळ लुळं पडू शकतं.

दुधाबद्दल: भरभरून दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतं हे बरोबर, पण त्याआधी चीक असतो, आणि पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचा-दीड चमचाच लागतो. डबा बॅगेत असला की रात्री तीन वाजता तो उघडला जातोच. आईला साखर असेल, बाळ फार लहान असेल, तर कधी वरचं द्यावं लागतं, पण ते डॉक्टर सांगतील तेव्हा, आणि वाटी-चमच्यानं. म्हणून बाटलीऐवजी स्टीलची छोटी वाटी आणि चमचा, उकळून घेतलेले, एवढं ठेवा.

आज्जीचा_बटवा | ९ जुलै, रात्री १०:०२

आमच्या नातवाला काही झालं नाही हो. आणि त्याच्या बापालाही नाही.

रात्रपाळी | ९ जुलै, रात्री १०:१०

बहुतेकांना होत नाहीच काकू. कोणाला होईल हे आधी कळत नाही, एवढाच मुद्दा.

मृण्मयी_क | १० जुलै, सकाळी ११:३०

मी चार महिन्यांपूर्वी यातून गेले. मलाही "नॉर्मल होईल" सांगितलं होतं आणि सोळा तासांनी सिझर झालं. त्यामुळे आईच्या बॅगेत दोन्हीची सोय ठेवा.

माझी चूक नंबर एक: निकर. नेहमीच्या लो-वेस्ट सहा नेल्या. सिझरचा टाका ओटीपोटावर अगदी खाली असतो आणि त्यांचं इलॅस्टिक बरोब्बर त्याच्यावर बसतं. दुसऱ्या दिवशी आईनं बाजारातून एक नंबर मोठ्या, बेंबीच्या वर येणाऱ्या, जुन्या काकू-स्टाइल निकर आणल्या, तेव्हा कुठे मी सरळ चालले. पहिल्या दिवशी तर लघवीची नळी असते, पलंगावरून उठवत नाहीत, तेव्हा निकर लागतही नाही.

दुसरी: पॅड. जाळीदार ड्राय टॉपवाले नेले, ते घासत होते. वॉर्डातल्या सिस्टरनी कापसाचे दिले, ते बरे. एकूण तीन दिवसांत माझे अठरा-वीस संपले.

तिसरी: पाच ड्रेस, ड्रायर, आणि (हसू नका) लिपस्टिक. एकही बाहेर निघालं नाही. पुढून पूर्ण उघडणारे तीन गाऊन, दोन फीडिंग ब्रा, एक शाल. ब्रा आठव्या महिन्यात घेतलेली चौथ्या दिवशी घट्ट झाली, म्हणून घेतानाच एक नंबर मोठी घ्या.

कमरेतून भूल दिल्यावर मला नंतर थंडीनं हुडहुडी भरली होती, दात वाजत होते. जाड पायमोजे आणि शालीनं जीव वाचला. आणि स्ट्रॉ! आडवं पडून पाणी प्यायला दोन वाकड्या स्ट्रॉ ठेवा. कुणी सांगत नाही.

नेलपॉलिश घरीच काढून टाका, बोटाला लावायचं यंत्र त्यावरून नीट दाखवत नाही. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी पण घरी. ऐनवेळी माझ्या बांगड्या काढायला साबण लागला, आणि मग त्या कोणाच्या पर्समध्ये गेल्या हे शोधायला दोन दिवस.

पोटाच्या पट्ट्याबद्दल मात्र मला अजून कळलेलं नाही. मला खोकताना-उठताना आधार वाटला, शेजारच्या खाटेवरच्या बाईला त्यानं घाम येऊन टाक्यापाशी खाज सुटली. आमच्या डॉक्टर "हवा असेल तर लावा" म्हणाल्या. आधी विकत घेऊ नका एवढंच म्हणेन.

रात्रपाळी | १० जुलै, दुपारी १:०५

पॅडबद्दल सासूबाईंना एक सांगून ठेवा, कारण बघणार त्याच. रक्त जाणं नॉर्मल आणि सिझर दोन्हींत असतं, हळूहळू कमी होत चार-सहा आठवडे चालतं. पण मोठं पॅड तासाभरात पूर्ण भिजलं, किंवा लिंबाएवढी गाठ पडली, तर पॅड टाकून देऊ नका, सिस्टरला बोलावून दाखवा. "बाळंतपणात जातंच" म्हणून गप्प बसणारी माणसं मी पाहिली आहेत.

सांगलीचा_जावई | १० जुलै, रात्री ११:१५

सगळ्यांचे आभार. डांबरगोळीचं वाचून सांगलीला फोन केला. सासूबाईंनी सुद्धा बायकोचीच लहानपणीची झबली काढली होती, कपाटात गोळ्या होत्याच. ती बाजूला ठेवली. त्याऐवजी दोन जुन्या सुती साड्या फाडून दुपटी आणि लंगोट शिवतायत.

आता फाईलबद्दल. बायकोचा रक्तगट ए निगेटिव्ह आहे, माझा बी पॉझिटिव्ह. पाचव्या महिन्यापर्यंत सगळं पुण्याला दाखवलं, त्यामुळे सुरुवातीचे रिपोर्ट इथे माझ्याकडे, नंतरचे तिकडे. बाळ झाल्यावर एक इंजेक्शन द्यावं लागतं असं सांगितलंय. ते पुण्यातून घेऊन बॅगेत टाकून ठेवू का?

रात्रपाळी | ११ जुलै, सकाळी १०:४५

इंजेक्शन बॅगेत मुळीच नको. ते फ्रीजमध्ये ठेवायचं असतं, बॅगेत आठवडाभर राहिलं तर फुकट जाईल. आणि बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तरच लागतं. जन्मल्यावर नाळेतलं रक्त तपासतात, मग ७२ तासांच्या आत आईला देतात. हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये मिळतं का आणि नसेल तर सांगलीत कुठे, हे आजच विचारून ठेवा. किंमत बऱ्यापैकी असते, तेवढे पैसे हाताशी असू द्या.

तुमच्या केसमध्ये कपड्यांपेक्षा फाईल मोठी. पुण्याचे कागद उद्याच कुरिअर करा किंवा स्वतः नेऊन द्या. नुसते मोबाईलवर फोटो पुरत नाहीत, मोबाईल तुमचा आणि तुम्ही पुण्यात. फाईलच्या वरच्या कव्हरवर लाल पेनानं मोठ्ठं लिहा: "ए निगेटिव्ह". त्याखाली सातव्या महिन्यात तेच इंजेक्शन दिलं असेल तर त्याची तारीख, कारण त्यानंतर केलेल्या काही रक्ततपासण्यांचा अर्थ त्या तारखेवरून लावतात. आत या क्रमानं: शेवटची सोनोग्राफी, रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉईड, एचआयव्ही-कावीळ वगैरेचे रिपोर्ट, मग जुने कागद. सगळ्यात वर एका चिठ्ठीवर तुमचा, सासऱ्यांचा आणि निगेटिव्ह रक्तगटाच्या दोन ओळखीच्या माणसांचे फोन नंबर. निगेटिव्ह रक्त चटकन मिळत नाही. डॉक्टरांना विचारा, ते रक्तपेढीला आधी कळवून ठेवतात.

माणदेशी | ११ जुलै, दुपारी १२:२०

सरकारीत गेलात तर यादी थोडी बदलते. आमच्या वहिनीचं मागच्या महिन्यात ग्रामीण रुग्णालयात झालं. १०२ ची गाडी फुकट आली आणि फुकट सोडली. औषधं, जेवण, रक्त-तपासण्या, कशालाच पैसे नाहीत. पण माता-बाल संरक्षण कार्ड, आधार आणि बँक पासबुकाची झेरॉक्स लागली, ती आशाताईनं आधीच करून ठेवायला लावली होती.

सोबतच्या माणसासाठी आम्ही नेलेलं: चटई, चादर, बादली आणि मग, ताट-वाटी-तांब्या, मच्छर अगरबत्ती (ती लावू दिली नाही, बाळं असतात म्हणून, मग मच्छरदाणी आणली).

आणि रात्री बायकांच्या वॉर्डात पुरुषाला थांबू देत नाहीत. भाऊ तीन रात्री जिन्याखाली झोपला.

खटपट्या | ११ जुलै, दुपारी १२:४१

हे खाजगीत पण असतं. जनरल किंवा ट्विन शेअरिंग घेतलं की रात्री बाईमाणूसच लागतं. मी सॅक घेऊन पार्किंगमध्ये गाडीत झोपलो. म्हणून सोबतच्यांचं सामान दोघांचं धरा, एक आतलं माणूस आणि एक बाहेरचं. आणि दोन चार्जर. आमच्याकडे एकच होता, तो आत. मेडिकलमधून चिठ्ठी आणायची तर मला फोन लागेना, माझा बंद.

इन्शुरन्स असेल तर पॉलिसीचं कार्ड, पेशंटचं आधार आणि पॅन बाहेरच्या माणसाकडे ठेवा, आतल्याकडे नको. काउंटरला तोच उभा असतो. पॉलिसीत बाळंतपण धरलंय का आणि त्याचा वेटिंग पिरियड संपलाय का, हे मी ॲडमिट झाल्यावर वाचलं. संपला नव्हता.

रात्रपाळी | ११ जुलै, दुपारी ३:००

खटपट्यांचा आतला-बाहेरचा मुद्दा मी माझ्या यादीत घेतला, उत्तम आहे.

आतल्या माणसाची पिशवी म्हणजे तुमच्या सासूबाईंची: त्यांची स्वतःची बीपी-शुगरची औषधं चार दिवसांची (हे सगळ्यात जास्त विसरतं), वाचायचा चष्मा, पातळ चादर, स्वेटर, थर्मास, दोन स्टीलचे पेले, चमचा, सुरी, साबण, टॉवेल, एक जोड कपडे, राजगिऱ्याच्या वड्या किंवा खाकऱ्यासारखं कोरडं खाणं. ओले कपडे ठेवायला दोन प्लास्टिकच्या पिशव्या. डिंकाचे लाडू घरी, आईला त्या दोन दिवसांत ते जातही नाहीत.

बाहेरच्या माणसाची: फाईलची झेरॉक्स, पेन, एटीएम कार्ड, थोडी रोख आणि सुटे पैसे, पॉवर बँक, छत्री.

अटलांटिकपार | १२ जुलै, सकाळी ६:५०

मी न्यू जर्सीला असते. माझी बॅग तुमच्यासमोर काहीच नव्हती. आईचे पॅड, जाळीच्या निकर, बाळाचे डायपर, दुपटी, टोपडं, सगळं हॉस्पिटलनंच दिलं, उरलेलं घरी पण न्या म्हणाले. आईनं इथे यायच्या आधी शिवलेले वीस लंगोट तसेच परत आले. पण गाडीत कार सीट बसवलेली नसती तर बाळ घेऊन घरी जाता आलं नसतं. नवरा पार्किंगमध्ये चाळीस मिनिटं ती सीट बसवत होता आणि मी व्हीलचेअरवर. इकडच्या कुणी हा धागा वाचत असेल तर सीट आधीच बसवून ठेवा.

सांगलीचा_जावई | १२ जुलै, रात्री १०:३०

लंगोट किती आणि डायपर किती हे मात्र राहिलं. पावसात इथे दोन दिवस कपडे वाळत नाहीत.

मृण्मयी_क | १२ जुलै, रात्री १०:४८

डायपर! न्यूबॉर्न साइजचं एक छोटं पाकीट. वॉर्डात लंगोट धुणार कोण? माझी आई धूत बसली आणि मला पाणी द्यायला कोणी नाही.

रात्रपाळी | १३ जुलै, दुपारी १:४०

माझं मत उलटं आहे, वॉर्डाच्या सवयीनं असेल. लंगोटात शू झालेली लगेच कळते. पहिल्या चोवीस तासांत एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा, असं साधारण वाढत जावं. त्यावरून दूध पोटात जातंय का ते दिसतं. डायपरमध्ये एवढीशी शू जिरून जाते आणि "झाली का हो?" विचारलं की कोणाला सांगता येत नाही. हल्ली रंग बदलणारी रेघ असते, पण ती पाहतं कोण.

पावसाळा आहे तर वीस लंगोट आणि रात्रीसाठी दहा-बारा डायपर. पहिली शी काळी-हिरवी, डांबरासारखी चिकट असते, ओल्या कापसानं निघता निघत नाही. बुडाला आधीच थोडं खोबरेल लावून ठेवलं की सहज निघते. म्हणून खोबरेलाची लहान डबी, कापूस आणि मऊ कापडाचे तुकडे. पावडर, काजळ, वेखंड यातलं काही नको.

आज्जीचा_बटवा | १३ जुलै, दुपारी २:१५

काजळाचं तीट कानामागे लावलं तर काय बिघडतं?

मृण्मयी_क | १३ जुलै, दुपारी २:२२

काकू, तो वेगळा धागा काढू या :)

बत्तीस_दिवस | १४ जुलै, रात्री १:१०

छत्तीस आठवड्यांपर्यंत थांबू नका, एवढंच सांगायला आले. माझं बाळ तेहेतिसाव्या आठवड्यात आलं, एक किलो आठशे. बॅगच नव्हती. नंतर घाईनं आणलेली झबली त्याला तंबूसारखी व्हायची. एनआयसीयूत कपडे त्यांचेच, आमच्याकडून फक्त टोपडं, पायमोजे आणि डायपर मागायचे. मी काढलेलं दूध न्यायला झाकणाच्या छोट्या स्टीलच्या वाट्या लागल्या, त्या उकळायला शेगडी कुठे शोधायची इथपासून सुरुवात.

आणि पुढून बटणांचा शर्ट नवऱ्यासाठी. बाळाला उघड्या छातीवर घेऊन बसायला सांगतात, आई थकली की बाबानं बसायचं. माझा नवरा टी-शर्टवर आला होता, त्याला दोरीनं बांधायचा हॉस्पिटलचा गाऊन उलटा घालून बसवला.

सांगलीचा_जावई | १४ जुलै, सकाळी ८:००

ताई, बाळ आता कसं आहे?

बत्तीस_दिवस | १४ जुलै, सकाळी ९:३५

बत्तीस दिवसांनी घरी आलं. आता दीड वर्षाचं आहे, रिमोट पाण्यात टाकतं.

सांगलीचा_जावई | ४ ऑगस्ट, रात्री ११:५०

मुलगी झाली. ३० जुलैला पहाटे, दोन किलो नऊशे. दोघी ठीक.

आता हिशेब देतो. एकोणतिसाव्या रात्री सव्वाअकराला पाणी गेलं. मी पुण्याहून निघालो, पावसात पाच तास लागले. मी कराडच्या अलीकडे असताना बाळाचे ठोके कमी होतायत म्हणून सिझरचा निर्णय झाला. म्हणजे एक्सेल ज्यानं केलं तो तिथे नव्हताच. आत सासूबाई, बाहेर मेहुणा.

सिस्टरनी दार उघडून बाळाचे कपडे मागितले तेव्हा सासूबाईंनी मार्करचं नाव वाचून पिशवी अर्ध्या मिनिटात दिली. तिन्ही दुपटी वापरली गेली. रात्रपाळी ताई, ही पिशवी तुमची. फाईलवरचं लाल "ए निगेटिव्ह" बघून भूलतज्ज्ञांनी आधी रक्तपेढीला फोन झाला का ते विचारलं, तो डॉक्टरांनी आठवड्यापूर्वीच केलेला होता. रक्त लागलं नाही. बाळ बी पॉझिटिव्ह निघालं, इंजेक्शन दुसऱ्या दिवशी दुपारी दिलं.

गोंधळ कुठे झाला, तर चष्मा. यादीत होता, सासूबाईंच्या पिशवीत होता, पण ती पिशवी सुटकेसमध्ये आणि सुटकेस गाडीत. संमतीच्या कागदावर सही करायची, अक्षर दिसेना. शेवटी मेहुण्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या नंतर म्हणाल्या, बरंच झालं, एरवी न वाचताच सही केली असती.

दुसरा गोंधळ जन्मनोंदणीच्या फॉर्मवर. नाव ठरलेलं नसेल तर चालतं, नंतर घालता येतं, पण आई-वडिलांची नावं इंग्रजीत आधारप्रमाणे लागतात. मेहुण्यानं माझ्या नावात एक "ए" जास्त घातला होता. डिस्चार्जच्या आधी दिसलं, तिथेच खोडून दुरुस्त झालं.

चार दिवसांत वापरलेलं: पॅड बावीस, गाऊन तीन, मोठ्या निकर (मृण्मयीताई, दंडवत), स्ट्रॉ एक, लंगोट सगळे वीस, डायपर नऊ. पट्टा घेतला नाही. हातमोजे चार जोड परत आले, तिनं एकही हातावर राहू दिला नाही.

मृण्मयी_क | ५ ऑगस्ट, सकाळी ७:०५

अभिनंदन!! आणि लिपस्टिक?

सांगलीचा_जावई | ५ ऑगस्ट, सकाळी ७:४०

बायकोनं लपवून ठेवली होती, फाईलच्या कप्प्यात. भूलतज्ज्ञांच्या हातात गेली.

आज्जीचा_बटवा | ५ ऑगस्ट, सकाळी ९:१५

अभिनंदन. जुनी झबली मी तीनदा धुऊन आठ दिवस गच्चीवर टाकली, वास अजून येतोच आहे. दुसरा नातू ऑक्टोबरात आहे. रात्रपाळी, अजून किती दिवस टाकू?

रात्रपाळी | ५ ऑगस्ट, दुपारी २:५०

काकू, वास येतोय तोवर नाहीच. आणि गेला तरी पहिल्या महिन्यात मी तरी घालणार नाही. तुमच्याकडे जुन्या सुती साड्या असतील ना? एका साडीत आठ-दहा दुपटी सहज होतात.